गोडाऊनमधली पावलं: माल काढायचा क्रम बदलला तेव्हा सुपरवायझरनं लिहिलेलं पत्र

मागच्या व्हिडिओत मी गोडाऊनच्या नकाशाबद्दल बोललो होतो. त्यावर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. नकाशा काढला, रॅकला नंबर दिले, पण पोरं ऐकत नाहीत, जुन्याच पद्धतीनं माल काढतात, काय करायचं? उत्तर म्हणून आज एक पत्र दाखवतो. अकोल्यातल्या एका किराणा-एफएमसीजी वितरकाच्या गोडाऊनमधल्या सुपरवायझरनं ते आपल्या माणसांना लिहिलं. मालक माझ्या ओळखीचे आहेत, पत्र वापरायची परवानगी दोघांनीही दिली. नावं मात्र घेत नाही.

आधी गोडाऊन डोळ्यासमोर आणा. टिनाचं शेड, समोर शटर, शटरच्या डाव्या हाताला पॅकिंगचं टेबल. टेबलापासून उजवीकडे सहा गल्ल्या, एका गल्लीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत सात फूट. प्रत्येक गल्ली पुढून मागपर्यंत ५५ फूट लांब, दोन्ही बाजूंना रॅक. पुढेही आडवी वाट आणि मागेही, म्हणजे गल्लीत एका तोंडानं शिरून दुसऱ्या तोंडानं निघता येतं. ही मागची वाट लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ तिच्यावर आहे. तुमच्या गोडाऊनमध्ये मागच्या भिंतीला खोकी टेकवून ती वाट बंद झाली असेल, तर आधी ती मोकळी करा.

माल काढणारी माणसं तीन. एक काका पंधरा वर्षांपासून तिथंच, बाकी दोन पोट्टे नवे. सकाळी अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर अशा लाइनच्या ऑर्डर निघतात. तेल्हाऱ्याची गाडी अकरापर्यंत निघाली तर दुकानं दुपारची बंद व्हायच्या आत माल उतरतो. एक वाजता निघाली तर ड्रायव्हर दुकानदाराची वाट बघत बसतो आणि रात्री नऊला परत येतो. भांडण रोज ह्याच गोष्टीवरून व्हायचं. मालक म्हणायचे पोरं हळू आहेत, पोरं म्हणायची दिवसभर चालून पाय दुखतात. अन् दोघंही खरं बोलत होते.

सुपरवायझरनं एक साधी गोष्ट केली. पोरं किती वेळ काम करतात हे न मोजता ती किती चालतात हे मोजलं. गोदामशास्त्रावरच्या एका प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात, अमेरिकेतल्या बार्थोल्डी आणि हॅकमन ह्या प्राध्यापकांनी, माल काढणाऱ्या माणसाच्या वेळातला साधारण ५५ टक्के वेळ नुसता चालण्यात जातो असं दिलंय. प्रत्यक्ष खोकं उचलण्यात अगदी थोडा. म्हणजे "हात चालवा रे" असं कितीही ओरडलं तरी फरक पडतो तो लहान तुकड्यात. मोठा तुकडा पायांत आहे.

त्यानं आठ आयटमची एक खरी स्लिप घेतली आणि दोरीनं अंतर मोजलं. तोच हिशेब इथं देतो, वहीत गल्ल्या काढून करून बघा. रॅकचे खण पाच-पाच फुटांचे आहेत, पुढून मागे १ ते १० नंबर, समोरासमोरच्या दोन्ही खणांना एकच नंबर. कोड `G5-08` म्हणजे पाचवी गल्ली, आठवा खण, पुढच्या तोंडापासून ४० फूट आत.

दुकानदारानं फोनवर जसं सांगितलं तसंच बिलिंगवाल्यानं टाइप केलं होतं आणि स्लिप त्याच क्रमानं छापली गेली: चहापत्ती `G2-03`, कपडे धुण्याची पावडर `G5-08`, बिस्कीट `G1-02`, खोबरेल तेल `G4-07`, टूथपेस्ट `G2-09`, अंगाचा साबण `G5-03`, मच्छर कॉइल `G4-02`, आणि शेवटी नूडल्स `G1-06`.

नवा पोरगा स्लिपवर बोट ठेवून वरून खाली जातो. टेबलापासून चहापत्ती २२ फूट. तिथून पावडरीपर्यंत ७६ फूट. मग बिस्कीट घ्यायला परत टेबलाजवळ, ७८ फूट. तेलासाठी पुन्हा आत, ६६. टूथपेस्ट ४४, साबण ७१, कॉइल ३२, नूडल्स ६१, आणि टेबलाकडे परत ३०. बेरीज ४८० फूट. आणि प्रत्येक ठिकाणी त्यानं जवळची वाट घेतली असं धरून, म्हणजे मागची वाट जवळ पडत असेल तिथं मागून गेला. चुकला तर आणखी जास्त.

आता तीच स्लिप, तेच आठ आयटम, पण गल्लीवार. पहिल्या गल्लीत पुढून शिरा, बिस्कीट आणि नूडल्स घेऊन मागून निघा. दुसरीत मागून शिरा, टूथपेस्ट आणि चहापत्ती घेऊन पुढे या. तिसरीत काही नाही, सोडा. चौथीत पुढून शिरून मागे, पाचवीत मागून शिरून पुढे, आणि टेबलाकडे परत. चार गल्ल्यांचे २२० फूट आणि आडवे ५६ फूट मिळून २७६. बैल नांगरताना तासाच्या शेवटी वळून शेजारच्या तासात येतो, तशी ही चाल आहे. इंग्रजी पुस्तकात तिला सापाच्या चालीवरून नाव दिलंय, पण आपल्याकडं नांगराची चाल म्हटलं की सांगावं लागत नाही.

४८० चे २७६ झाले, म्हणजे एका स्लिपमागे दोनशे चार फूट वाचले. ट्रॉली ढकलत माणूस सेकंदाला तीन फूट चालतो असं धरलं तर सव्वा मिनिटाच्या आत-बाहेर. किरकोळ वाटतं ना? दिवसाला पन्नास स्लिपा असतील तर तिघांत मिळून जवळपास तासभर होतो, तोही सकाळचा. सगळ्या स्लिपांत एवढाच फरक पडेल असं नाही. दोन आयटमच्या स्लिपमध्ये काहीच पडणार नाही, चाळीस आयटमच्या स्लिपमध्ये ह्याहून बराच जास्त पडेल.

इथवर कागदावर सगळं सोपं होतं. सुपरवायझरनं शनिवारी तोंडी सांगितलं, सोमवारी सुरू केलं आणि बुधवारी बंद पडलं.

का बंद पडलं ते नीट बघा, कारण तुमच्याकडंही हेच होणार. पहिलं कारण बिस्कीट. पहिल्या गल्लीपासून सुरुवात केली की ट्रॉलीत सगळ्यात आधी बिस्कीट आणि नूडल्स पडतात, आणि शेवटी पाचव्या गल्लीतलं पावडरचं पोतं त्यांच्या डोक्यावर येतं. दोन दिवसांत चुरा झालेल्या बिस्किटांचे तीन बॉक्स बाळापूरहून परत आले. दुसरं कारण काका. पंधरा वर्षांत त्यांना सगळं गोडाऊन पाठ झालंय. ते स्लिप एकदा वाचून घ्यायचे आणि मनातल्या मनात स्वतःची वाट ठरवायचे, त्यामुळं त्यांचं चालणं आधीच कमी होतं. त्यांना हा नवा क्रम म्हणजे आपल्याला शिकवायला आलेला पोरखेळ वाटला. तिसरं कारण कोणी तोंडानं बोललं नाही, पण चहाच्या टपरीवर तेच चाललं होतं: चालणं मोजतात म्हणजे आता तिघांचं काम दोघांत करायला लावणार.

तेव्हा त्यानं पत्र लिहिलं. व्हॉट्सॲपवर टाकता आलं असतं. पण त्यानं प्रिंट काढून टेबलावरच्या भिंतीला लावलं आणि तिघांना बसवून स्वतः वाचून दाखवलं. पत्र असं होतं.

"सगळ्या मंडळींना नमस्कार.

मागच्या सोमवारी मी माल काढायचा नवा क्रम सुरू केला. तो चुकला. चूक माझी होती, हलका माल आधी आणि जड माल नंतर येत होता. बिस्किटांचा जो माल परत आला त्याचा ठपका कोणावर नाही.

येत्या सोमवारपासून क्रम उलटा करतोय. रिकामी ट्रॉली घेऊन आधी सगळ्यात लांबच्या गल्लीत जायचं. सहाव्या आणि पाचव्या गल्लीत मीठ, साखर, पावडर, साबण असा जड माल आहे. तिथून एकेक गल्ली करत टेबलाकडं यायचं. शेवटी पहिल्या गल्लीतलं बिस्कीट, चिप्स, नूडल्स घ्यायचं आणि समोरच टेबल आहे, तिथं ट्रॉली लावायची. चालणं तेवढंच होतं, पण माल दबत नाही. भरलेली ट्रॉली कमी ओढावी लागते.

स्लिपवर आता गल्लीप्रमाणे गट येतील, मध्ये रेघ असेल. ज्या गल्लीचं नाव स्लिपवर नाही त्या गल्लीत शिरायचं नाही. गल्लीत कोणत्या तोंडानं शिरायचं हे मी ठरवून देत नाही. तुम्ही ज्या टोकाला उभे आहात त्याच टोकानं शिरा आणि दुसऱ्या टोकानं निघा. मागून शिरलात तर तो गट वरून खाली वाचा, पुढून शिरलात तर खालून वर. मात्र गल्लीत एकच वस्तू असेल आणि ती तोंडाशीच असेल, तर ट्रॉली बाहेर ठेवा, वस्तू घ्या आणि परत या. शेवटच्या गल्लीतून निघताना टेबलाच्या बाजूला आलं पाहिजे.

लिहिलेल्या जागी माल सापडला नाही तर शोधत फिरू नका. स्लिपवर त्या ओळीवर गोल करा आणि पुढं चला. गोल केलेल्या ओळी माझ्याकडं आणा, तो माल मी शोधून देईन. माल जागेवर नसणं ही माल ठेवण्याची चूक आहे, काढणाऱ्याची नाही.

ज्यांना गोडाऊन पाठ आहे त्यांच्यासाठी: तुमची वाट ह्यापेक्षा बरी असेल तर मला दाखवा, मी दोरी घेऊन मोजतो. कमी भरली तर क्रम तसा बदलू.

दोन आठवडे प्रत्येक स्लिपवर सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ लिहा. नाव लिहू नका. मला स्लिप किती वेळात निघते ते बघायचं आहे, कोण किती वेगात आहे ते बघायचं नाही. मालकांशी बोलणं झालंय. ह्यातून वाचलेल्या वेळामुळं कोणाला कमी करणार नाही. वाचलेला वेळ तेल्हाऱ्याची गाडी अकराला काढण्यासाठी आहे.

मे महिन्यात ह्या टिनाखाली दोनशे फूट कमी चालणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

आपला, सुपरवायझर"

आता हे पत्र उघडून बघू.

आधी त्याची सुरुवात. तो "चूक माझी" असं म्हणतो, आणि लगेच कोणती चूक ते सांगतो. हे नम्रपणासाठी नाहीये. बिस्किटाचा माल परत आला तेव्हापासून पोरांच्या मनात एकच भीती होती की पैसे पगारातून कापतील. ती भीती डोक्यात असताना पुढचा एक शब्दही कानात गेला नसता.

मग क्रम उलटा करण्याचा मुद्दा. पत्र वाचल्यावर एका पोरानं विचारलंच, "भाऊ, बिस्कीट टेबलाजोळच हाय. मंग मी आधी पार तिकडं काहून जाऊ?" प्रश्न चुकीचा नाही. जवळचं आधी घ्यावं हे कोणालाही सुचतं. पण फेरी पूर्ण करायची असेल, म्हणजे टेबलापासून निघून टेबलाकडंच यायचं असेल, तर एका दिशेनं गेलं काय आणि उलट दिशेनं गेलं काय, अंतर सारखंच. आपल्या आठ आयटमचं करून बघा: आधी २८ फूट आडवं चालून पाचवी गल्ली, तिथून मागे, चौथीतून पुढे, तिसरी सोडून दुसरीतून मागे, पहिलीतून पुढे. पुन्हा २७६ च. मग अंतर सारखं असेल तर कोणती दिशा घ्यायची हे वजनावरून ठरवायचं. जाताना ट्रॉली रिकामी, जड माल तळाशी, हलका वर, आणि ट्रॉली भरते तेव्हा टेबल जवळ आलेलं असतं. म्हणून रॅक लावतानाच जड माल टेबलापासून लांब आणि हलका जवळ ठेवा. बरेच जण उलट करतात. जड पोती शटरजवळ ठेवतात कारण हमालाला उतरवायला सोपं जातं. हमाल आठवड्यातून दोनदा उतरवतो, तुमची पोरं दिवसातून पन्नासदा फिरतात.

चहापत्तीबद्दल एक. ती साबण-पावडरीचा वास ओढते, म्हणून दोन्ही एका गल्लीत नको आणि ट्रॉलीतही एकाच क्रेटमध्ये नको. ट्रॉलीला खाली-वर असे दोन मजले असतील तर हा प्रश्न तिथंच मिटतो.

गल्लीत कुठल्या तोंडानं शिरायचं हे त्यानं मोकळं सोडलं, ते मला सगळ्यात आवडलं. आधी त्याचा विचार होता की फरशीवर बाण रंगवायचे, एक-तीन-पाच नंबरच्या गल्ल्या पुढून मागे आणि दोन-चार-सहा मागून पुढे. दिसायला छान. पण आपल्याच स्लिपवर लावून बघा. पाचवीतून मागे गेला, चौथीतून पुढे आला, तिसरीत काही नाही. आता दुसरीत पुढून शिरायचं तर बाण उलटा. बाण पाळायचा तर रिकाम्या तिसऱ्या गल्लीतून उगाच ५५ फूट चालत मागे जावं लागतं. मोठ्या स्लिपा असतील, सगळ्याच गल्ल्यांत काहीतरी असेल, आणि सात-आठ ट्रॉल्या एकाच वेळी फिरत असतील तर बाण बरे. तीन माणसांच्या गोडाऊनला नकोत. दोन ट्रॉल्या एका गल्लीत समोरासमोर आल्या तर एकानं ट्रॉली बाहेर ठेवून हातात माल आणायचा.

आणखी एक अडचण आहे, ती पत्रात एका वाक्यात उरकलीय. स्लिपवर विषम गल्ल्या आल्या, समजा तीनच, तर शेवटच्या गल्लीतून माणूस मागच्या वाटेवर निघतो आणि टेबल पुढे राहतं. अशा वेळी एका गल्लीत पुढून शिरून पुढूनच परत यायचं. कोणती गल्ली? जिच्यात माल तोंडाच्या सगळ्यात जवळ आहे ती. हे पोरांना दोन-तीन दिवसांत आपोआप कळतं.

ह्याहून कमी अंतराची वाट असते का? कधीकधी असते. १९८३ साली रॅटलिफ आणि रोझेंथल ह्या दोघांनी दाखवून दिलं की अशा सरळ गल्ल्यांच्या गोदामात सगळ्यात छोटी वाट गणितानं नेमकी काढता येते. पण ती वाट प्रत्येक स्लिपला वेगळी असते. कुठं अर्ध्यातून वळा, कुठं आरपार जा, असं सांगणारी. ती माणसाच्या डोक्यात बसत नाही, आणि माणूस थांबून विचार करायला लागला की वाचलेले फूट तिथंच गेले. नांगराची चाल थोडी लांब पडली तरी चालते, कारण ती सांगायला एक वाक्य लागतं.

आता स्लिप कशी छापायची. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेलमध्ये `Rack` नावाची शीट करा, पहिल्या कॉलममध्ये आयटमचं नाव, दुसऱ्यात जागेचा कोड. ऑर्डरच्या शीटमध्ये `A` कॉलममध्ये आयटम असेल तर शेजारी हे टाका:

```
=VLOOKUP(A2,Rack!A:B,2,FALSE)
```

मग कोडच्या कॉलमवर `Sort Z to A` करा. लांबची गल्ली वर येईल, जवळची खाली, आणि एका गल्लीतले खण आपोआप एकत्र येतील. इथं दोन खड्डे आहेत. कोड नुसता आकड्यांत `5-08` असा लिहिला तर एक्सेल त्याला तारीख समजतो आणि भलतंच काहीतरी दाखवतो. म्हणून पुढं `G` लावला. आणि आठव्या खणाला `8` न लिहिता `08` लिहायचं, नाहीतर क्रम लावताना दहावा खण दुसऱ्याच्याही खाली जातो. एवढ्याशा शून्यावाचून ह्या गोडाऊनची पहिली स्लिप पूर्ण उलटसुलट निघाली होती. `#N/A` आलं तर घाबरू नका. आयटमचं नाव `Rack` शीटमध्ये जसंच्या तसं सापडलं नाही एवढाच अर्थ, बहुतेक वेळा शेवटी एक जास्तीची स्पेस असते.

सापडला नाही तर गोल करा आणि पुढं चला, ह्या नियमाबद्दल मालकाशी थोडी बाचाबाची झाली होती म्हणे. त्यांना वाटलं पोरं आळस करतील, दिसलं नाही की गोल. पण सुपरवायझरचं म्हणणं असं की ह्या सगळ्या पद्धतीला मारणारी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे स्लिपवर एक जागा आणि माल दुसऱ्या जागी. सकाळी कंपनीची गाडी येते, `G4-07` भरलेला असतो, मग तेलाचे उरलेले बॉक्स जागा दिसेल तिथं टेकवले जातात. तिसऱ्या दिवशी जागेवरचं तेल संपतं, पोरगा रिकामा खण बघतो आणि काकांना हाक मारतो, "काका, तेल कुठीसा हाय?" दिवसातून अशा दोन-चार हाका ऐकू आल्या की समजा स्लिप खोटी पडायला लागलीय, आणि आठवड्याभरात सगळे पुन्हा आठवणीवर काम करतील. गोल केलेल्या ओळी म्हणजे हीच हाक कागदावर. त्यांतून कोणत्या खणाचा माल सांडतोय ते दिसतं. तेलासाठी शेवटी त्यांनी वरच्या मजल्यावर राखीव जागा केली, त्याच खणाच्या वर. आता उरलेला माल तिथंच जातो, दुसरीकडं नाही. आणि नवीन माल मागे सारून जुना पुढे, हे तर ठेवणाऱ्याचं काम आहेच, नाहीतर आधी संपणाऱ्या तारखेचा माल मागेच पडून राहतो.

काकांचं काय झालं ते सांगतो. पत्रातलं "दोरी घेऊन मोजतो" हे वाक्य त्यांच्यासाठीच होतं, आणि त्यांनी ते मनावर घेतलं. एक वीस आयटमची स्लिप त्यांनी आपल्या वाटेनं काढली, सुपरवायझर मागून मोजत गेला. काकांची वाट नव्या क्रमापेक्षा जेमतेम तीस-चाळीस फूट जास्त भरली. नव्या पोराची मात्र त्याच स्लिपवर जवळपास दुप्पट होती. म्हणजे क्रम बदलल्यानं काकांना फारसं काही मिळत नव्हतं, आणि हे त्यांना उघडपणे सांगितलं गेलं. शिवाय काकांनी एक चूक दाखवली जी कोणाच्याच लक्षात आली नव्हती. उन्हाळ्यात ग्लुकोज पावडर आणि सरबताच्या बाटल्या जवळपास प्रत्येक स्लिपवर असतात आणि त्या सहाव्या गल्लीत अगदी मागच्या खणात होत्या. त्या दोन वस्तूंसाठी प्रत्येक ट्रॉली शेवटच्या गल्लीत आरपार जात होती. मार्च ते जून त्या दुसऱ्या गल्लीत तोंडाशी आणायच्या असं ठरलं. पावसाळा लागला की त्यांची जागा कॉइल आणि अगरबत्तीला.

पण हा जागाबदल त्यांनी लगेच केला नाही, दोन आठवडे थांबून केला. तुम्हीही थांबा. जास्त खपाचा माल जवळ आणणं ही खूप चांगली गोष्ट आहे, त्यावर वेगळा व्हिडिओ करणार आहे. पण चालायचा क्रम आणि मालाची जागा ही दोन्ही एकाच सोमवारी बदलली तर दोन नुकसान होतात. काकांसारख्या माणसाची आठवण एका दिवसात निकामी होते, आणि वेळ वाचला तर तो कशामुळं वाचला हे कळत नाही.

वेळ मोजताना स्लिपचा वेळ आयटमच्या ओळींनी भागा. दहा ओळींना वीस मिनिटं आणि पाच ओळींना बारा मिनिटं ह्यांची तुलना नुसत्या मिनिटांवर होत नाही. पहिलीत ओळीमागे दोन मिनिटं, दुसरीत जवळपास अडीच. आणि वेळेसोबत चुकाही लिहा, किती वस्तू चुकीच्या गेल्या, किती परत आल्या. वेळ कमी झाला आणि परत येणारा माल वाढला तर क्रमात काहीतरी गडबड आहे, जसं बिस्किटांचं झालं.

स्लिपवर नाव लिहू नका हे वाक्य मी मालक असतो तर कदाचित पत्रातून काढून टाकलं असतं, खरं सांगतो. माझ्या दुकानात मी नावासकट वेळा लिहून घेतल्या होत्या. तिसऱ्या दिवसापासून सगळ्या स्लिपा बरोबर दहा मिनिटांच्या यायला लागल्या, मोठी असो की लहान. आकडे हातात होते, पण त्यांतला एकही खरा नव्हता. अकोल्याच्या गोडाऊनमध्ये मात्र एक स्लिप सव्वीस मिनिटांची निघाली आणि पोरानं बाजूला लिहिलं होतं, "ट्रॉलीचं चाक अडकत होतं". चाक त्याच दिवशी बदललं.

कोणाला कमी करणार नाही, हे वाक्य लिहायच्या आधी सुपरवायझर मालकांकडं गेला होता. मालक हो म्हणाले तेव्हाच लिहिलं. तुमच्या मनात एक माणूस कमी करायचा विचार असेल तर हे वाक्य लिहू नका, आणि पत्राकडून फार अपेक्षाही ठेवू नका. माणसं आपलीच जागा जावी म्हणून भरभर चालत नाहीत.

सध्या तिथं तेल्हाऱ्याची गाडी बहुतेक दिवशी अकरा-सव्वाअकराला निघते. सोमवारी अजूनही उशीर होतो, कारण रविवारच्या ऑर्डर जमा होऊन स्लिपा जास्त असतात आणि त्याच सकाळी कंपनीचा मालही उतरतो. उतरलेली खोकी पुढच्या आडव्या वाटेवर पडून राहतात आणि ट्रॉली वळत नाही. आता माल सोमवारी दुपारनंतर मागवता येतो का, हे ते कंपनीच्या माणसाशी बोलून बघतायत.